युरिन कल्चरचा रिपोर्ट कसा वाचायचा: एक लाख कॉलनी, ‘एस’, ‘आर’ आणि मधले आकडे

युरिन कल्चरचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर सरळ खालच्या तक्त्यावर जाते. पंधरा-वीस अँटिबायोटिक्सची नावं, त्यांच्यापुढे आकडे आणि शेवटच्या रकान्यात एस किंवा आर. एस म्हणजे औषध चालणार, आर म्हणजे नाही चालणार, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. एस असलेल्या सात-आठ औषधांतून डॉक्टरांनी हेच का निवडलं? आकडा सगळ्यात लहान असलेलं का नाही? सगळ्यात भारी इंजेक्शन का नाही? मी ठाण्यात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते आणि हे प्रश्न मला नेहमी ऐकू येतात. प्रश्न अगदी रास्त आहेत. फक्त त्यांची उत्तरं त्या तक्त्यात एकटी सापडत नाहीत. रिपोर्ट वरून खाली वाचत आलं, तरच तक्ता बोलायला लागतो.

म्हणून एकच रिपोर्ट घेऊ आणि तोच शेवटपर्यंत वाचू. हा समजावण्यासाठी मांडलेला आहे, पण असे रिपोर्ट आमच्याकडे सारखे निघतात. ऐरोलीत राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाई, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. चार दिवसांपासून लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. ताप नाही, थंडी नाही, कमरेच्या बाजूला दुखत नाही. घराजवळच्या मेडिकलमधून सेफिक्झिमच्या गोळ्या आणून तीन दिवस घेतल्या, फरक पडला नाही. मग डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी लघवीची रुटीन तपासणी आणि कल्चर दोन्ही करायला सांगितलं. रिपोर्ट असा आला:

नमुना: मिडस्ट्रीम युरिन
पस सेल्स: 20–25 प्रति हाय पॉवर फील्ड
वाढ: ई. कोलाय, 1,00,000 पेक्षा जास्त सीएफयू प्रति मिली
ईएसबीएल: पॉझिटिव्ह

सेफ्ट्रिॲक्सोन: ≥64, आर
सिप्रोफ्लॉक्सॅसिन: 1, आर
कोट्रायमॉक्साझोल: ≥320, आर
नायट्रोफुरँटॉइन: ≤16, एस
फॉस्फोमायसिन: ≤16, एस
अमिकासिन: ≤2, एस
पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम: 8, एस
मेरोपेनेम: ≤0.25, एस

आता पहिली ओळ. तिच्याकडे कुणी बघतही नाही, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मूत्राशयातली लघवी बाहेर येताना मूत्रमार्गाच्या टोकावरून आणि आजूबाजूच्या त्वचेवरून येते. तिथे जंतू असतातच, निरोगी माणसाच्याही असतात. पहिली धार ते धुऊन नेते, म्हणून ती सोडून द्यायची आणि मधली धार डबीत घ्यायची. मिडस्ट्रीम म्हणजे एवढंच. आधी साध्या पाण्याने जागा स्वच्छ करायची, अँटिसेप्टिक लावायचं नाही, कारण ते डबीत उतरलं तर जंतूंची वाढ रोखू शकतं. डबी लॅबने दिलेली निर्जंतुकच हवी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही आणि झाकण उलटं करून बेसिनवर ठेवायचं नाही. घरातली धुतलेली बाटली रुटीनलाही योग्य नाही, कल्चरला तर अजिबात चालत नाही.

त्यानंतर वेळेचा मुद्दा येतो, आणि आपल्याकडे नमुने बिघडतात ते बहुतेक इथेच. लघवी हे जंतूंसाठी चांगलं खाद्य आहे. उबेत ई. कोलायची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते असं धरा. डबीत सुरुवातीला मिलीलिटरमागे फक्त हजार जंतू असले, तर त्या वेगाने चार तासांत ते अडीच लाखांवर जातात. सकाळी सातला कासारवडवलीत घेतलेली डबी पिशवीत घालून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून मे महिन्यात अकरा वाजता लॅबमध्ये पोचली, तर प्लेटवर दिसणारा आकडा शरीरातला राहत नाही. तो पिशवीतला असतो. नियम असा की नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचावा. जमत नसेल तर डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीत वाढ थांबते आणि चोवीस तासांपर्यंत नमुना वापरता येतो. काही ठिकाणी बोरिक ॲसिड घातलेली नळी देतात, तीही वाढ रोखण्यासाठीच. घरून नमुना न्यायला येणाऱ्या मुलाच्या हातात बर्फाची पेटी आहे का, हे जरूर बघा आणि नसेल तर विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता तो एक लाख. लॅबमध्ये आम्ही एक बारीक कडी वापरतो. तिच्या टोकाच्या वेढ्यात बरोबर एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलीलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ती कडी एकदा बुडवून प्लेटवर फिरवायची आणि प्लेट रात्रभर 35 ते 37 अंशांवर ठेवायची. आमच्याकडची प्लेट निळसर हिरवी असते. ई. कोलाय त्यातली साखर आंबवतो, त्यामुळे सकाळी त्यावर पिवळे, गोल ठिपके उठलेले दिसतात आणि भोवतालची प्लेटही पिवळी पडते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक कॉलनी. ती एका जंतूपासून, किंवा एकमेकांना चिकटलेल्या दोन-तीन जंतूंपासून वाढलेली लाखो जंतूंची वस्ती असते. मूळ जंतू नेमका एक होता की तीन, हे सांगता येत नाही, म्हणून ‘इतके जंतू’ असं न लिहिता ‘कॉलनी तयार करणारे घटक’ असं लिहितात. सीएफयू म्हणजे तेच. कडीत हजारावा भाग होता, म्हणून प्लेटवरची एक कॉलनी म्हणजे मिलीमागे एक हजार. शंभर कॉलनी म्हणजे एक लाख. त्याच्या वर मोजत बसत नाहीत, ‘एक लाखापेक्षा जास्त’ असं लिहून मोकळे होतात. म्हणजे आमच्याकडे शंभर कॉलनी आणि हजार कॉलनी दोन्हींची ओळ सारखीच निघते. मागच्या वेळीही लाखाच्या वर आणि आताही लाखाच्या वर, म्हणजे औषधाने काहीच झालं नाही, असा निष्कर्ष त्या ओळीवरून काढू नका.

पण एक लाखच का? 1950 च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांच्या आणि कुठलाही त्रास नसलेल्या स्त्रियांच्या नमुन्यांतली जंतूंची संख्या तपासली. एक लाखाच्या वर गेलं की जंतू मूत्राशयातलेच असण्याची शक्यता खूप वाढते, असं त्यांना दिसलं. तेव्हापासून हा आकडा रूढ झाला. तो शक्यतेचा आकडा आहे. त्याच्या अलीकडे निरोगी आणि पलीकडे आजारी, अशी भिंत तिथे नाही. 1982 मध्ये विल्यम स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळजळीची तक्रार असलेल्या तरुण स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा बऱ्याच जणींचा संसर्ग खरा असूनही संख्या लाखाच्या खूप खाली होती. नेहमीचा जंतू, सोबत लक्षणं आणि पस सेल्स म्हणजे लघवीत उतरलेल्या पांढऱ्या पेशी असतील, तर मिलीमागे शंभरसुद्धा अर्थपूर्ण ठरू शकतात. म्हणून ‘10,000 सीएफयू’ असा रिपोर्ट आणि जोडीला तीव्र जळजळ असेल, तर ‘लाख नाहीत ना, मग काही नाही’ असं डॉक्टर म्हणणार नाहीत. म्हणूही नये.

उलट्या बाजूची चूक जास्त होते, आणि ती मला जास्त टोचते. वयस्कर बायकांमध्ये, मधुमेह असलेल्यांमध्ये, कॅथेटर लावलेल्यांमध्ये लघवीत एक लाखाच्या वर जंतू सापडणं अगदी सर्रास आहे, आणि त्यांना कसलाच त्रास नसतो. हे जंतू तिथे राहतात, इजा करत नाहीत. वार्षिक हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये कल्चर केलं, ई. कोलाय निघाला, घरचे घाबरले आणि सात दिवसांची अँटिबायोटिक्स सुरू झाली, असं पदोपदी घडतं. लक्षणं नसताना या जंतूंवर औषध दिल्याने फायदा होत नाही. काही आठवड्यांत जंतू परततात, आणि पुष्कळदा आधीपेक्षा चिवट होऊन परततात. याला ठळक अपवाद दोन. एक म्हणजे गरोदरपण, कारण तेव्हा हेच जंतू मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे त्रास नसला तरी उपचार करतात. दुसरा म्हणजे मूत्रमार्गावर अशी शस्त्रक्रिया होणार असेल ज्यात आतल्या अस्तराला जखम होते. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही.

ऐरोलीच्या बाईंच्या बाबतीत मात्र सगळं जुळतं. जळजळ आहे, पस सेल्स भरपूर आहेत, एकच जंतू आहे आणि तो लाखाच्या वर आहे. तीन किंवा जास्त प्रकारचे जंतू उगवले असते, तर आम्ही ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्यावा’ असं लिहिलं असतं, कारण तो बहुधा त्वचेवरचा माल असतो. अशा रिपोर्टसोबत रुटीनमध्ये एपिथेलियल सेल्स म्हणजे त्वचेच्या आणि अस्तराच्या पेशी जास्त आणि पस सेल्स कमी दिसल्या, तर डबीत पहिली धार पडली असं समजायचं. अशा नमुन्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालेल ही चाचणी, लावण्यात अर्थ नसतो. लावून द्या म्हणून लॅबशी वाद घालू नका, दुसरा नमुना द्या.

या बाईंनी तीन दिवस सेफिक्झिम घेऊनही जंतू उगवला, हीसुद्धा एक माहिती आहे. तो त्या औषधाला दाद देत नव्हता. पण औषध थोडंफार लागू पडणारं असतं, तर गोष्ट अवघड झाली असती. प्लेट कोरी राहिली असती, ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट गेला असता आणि पस सेल्स का आहेत याचा शोध भलत्याच दिशेला गेला असता. पस सेल्स आहेत पण वाढ नाही, अशा वेळी डॉक्टरांना मुतखडा, मूत्रमार्गाचा टीबी, साध्या प्लेटवर न उगवणारे जंतू असा सगळा विचार करावा लागतो. म्हणून कल्चरची डबी नेहमी पहिल्या गोळीच्या आधी भरा. खरं तर सेफिक्झिमसारखी औषधं 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1 मध्ये आहेत. ती प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत, आणि विकली की दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. तरी ती मिळतात, आणि लोक ती चालू करूनच आमच्याकडे येतात. तसं झालं असेल, तर निदान नमुना देताना औषधाचं नाव सांगा. आम्ही ते फॉर्मवर लिहितो आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

जंतूचं नाव ही नुसती ओळखपरेड नसते. काही औषधं काही जंतूंवर मुळातच चालत नाहीत, त्यासाठी चाचणीचीही गरज नसते. प्रोटियस नावाचा जंतू निघाला तर नायट्रोफुरँटॉइन बाद. शिवाय प्रोटियस लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यातून एक खास प्रकारचा मुतखडा बनतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघाला की डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. एन्टरोकॉकस निघाला तर सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन ही सगळी मंडळी निरुपयोगी. इथे ई. कोलाय आहे, म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गातला सगळ्यात नेहमीचा गडी. त्याचा मूळ मुक्काम आपल्याच आतड्यात असतो.

त्याच्याखालची ईएसबीएलची ओळ महत्त्वाची. ईएसबीएल हे जंतूने बनवलेलं विकर आहे. ते सेफॅलोस्पोरिन गटातल्या बहुतेक नेहमीच्या औषधांचे तुकडे करून टाकतं. सेफिक्झिम तीन दिवस घेऊन का चाललं नाही आणि सेफ्ट्रिॲक्सोनपुढे आर का आहे, या दोन्हींचं उत्तर या एका ओळीत आहे. भारतात असे ई. कोलाय आता घरी राहणाऱ्या, हॉस्पिटलची पायरी न चढलेल्या माणसांतही मोठ्या प्रमाणावर सापडतात. त्यामुळे ईएसबीएल पॉझिटिव्ह वाचून हादरून जायचं कारण नाही. हा जंतू औषधाला चुकवण्यात तरबेज आहे, पण त्याने होणारी जळजळ साध्या ई. कोलायच्या जळजळीसारखीच असते.

आता आकडे. बाईंच्या सूनबाई रिपोर्ट घेऊन आल्या असत्या तर पहिला प्रश्न हाच विचारला असता: “मॅडम, सिप्रोपुढे एक लिहिलंय आणि नायट्रोफुरँटॉइनपुढे सोळा. एक कमी ना? मग सिप्रो जास्त चांगलं नाही का?”

हा आकडा म्हणजे एमआयसी. मशीनच्या कार्डात छोट्या छोट्या खोबणी असतात. त्यात एकाच औषधाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत नेलेलं असतं आणि प्रत्येकीत रुग्णाचा जंतू सोडतात. ज्या सगळ्यात कमी प्रमाणात जंतूची वाढ थांबली, ते प्रमाण म्हणजे एमआयसी, मिलीलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. त्यापुढची पायरी म्हणजे हा आकडा त्या औषधाच्या ठरलेल्या मर्यादेशी ताडून बघणं. ही मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी असते. नेहमीच्या डोसमध्ये ते औषध शरीरात किती प्रमाणात पोचतं, कुठे साठतं, कोणत्या आकड्यापर्यंत रुग्ण बरे झालेले दिसले आहेत, यावरून ती ठरते. अमेरिकेतली सीएलएसआय ही संस्था अशी मर्यादापत्रकं दरवर्षी काढते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब तीच वापरतात, काही युरोपातली युकास्टची वापरतात. सीएलएसआयप्रमाणे ई. कोलायसाठी नायट्रोफुरँटॉइन 32 पर्यंत एस असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन 0.25 पर्यंतच एस आणि 1 पासून पुढे आर. म्हणून 16 चालतं आणि 1 चालत नाही. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टात उपाशीपोटी साखर 130 असेल तर डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, एकूण कोलेस्टेरॉल 130 असेल तर खूश होतात, तसंच हे. दोन वेगवेगळ्या ओळींतले आकडे एकमेकांशी ताडायचेच नसतात.

काही लॅब मशीनऐवजी चकत्यांची पद्धत वापरतात. प्लेटवर जंतू पसरतात, औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. इथे दिशा उलटी असते, वर्तुळ मोठं म्हणजे औषध प्रभावी. पण गोष्ट तीच. वीस मिलिमीटरचं वर्तुळ नायट्रोफुरँटॉइनभोवती असेल तर एस, सिप्रोभोवती असेल तर आर. त्यामुळे रिपोर्टात आकड्यापुढचं एकक मिलिमीटर आहे की मायक्रोग्रॅम, हे आधी बघा.

अधूनमधून आय हे अक्षर दिसतं. त्याचा अर्थ साधारण असा की नेहमीच्या डोसमध्ये भरवसा नाही, पण डोस वाढवून किंवा औषध लघवीत मुळातच जास्त साठत असेल तर काम होऊ शकतं. कोलिस्टिनपुढे आय दिसलं तर दचकू नका. सीएलएसआयने 2020 पासून त्या औषधासाठी एस हा वर्गच काढून टाकला आहे, त्यामुळे तिथे सगळ्यात चांगला निकालही आयच येतो.

मग पाच औषधं एस उरली. त्यातून एक कसं निवडायचं? आता प्लेट बाजूला ठेवायची आणि जंतू शरीरात नेमका कुठे बसला आहे हे विचारायचं.

नायट्रोफुरँटॉइनची गोळी पोटात गेली की ती रक्तातून भराभर मूत्रपिंडांमार्फत बाहेर टाकली जाते. लघवीत तिचं प्रमाण खूप वाढतं, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये ती पुरेशी साठत नाही. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर हीच तिची ताकद ठरते. औषध नेमकं हवं तिथे जातं आणि बाकी शरीरातल्या, आतड्यातल्या जंतूंना फारसं डिवचत नाही. बाईंना ताप नाही, कंबर दुखत नाही, त्रास मूत्राशयाचा आहे. म्हणून डॉक्टरांनी क्रिएटिनिन बघून नायट्रोफुरँटॉइन 100 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस असं दिलं. क्रिएटिनिन बघायचं कारण असं की मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर औषध लघवीत पोचतच नाही, उलट शरीरात साठून मज्जातंतूंना त्रास देऊ शकतं. मधुमेह बरीच वर्षं असेल तर ही शंका आधी फेडून घ्यावी लागते. जेवणानंतर घेतलं की ते नीट शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी दिसली तर तो औषधाचा रंग असतो.

फॉस्फोमायसिनही चाललं असतं. ती 3 ग्रॅमची पावडर पाण्यात घालून एकदाच घेतात. अमिकासिन इंजेक्शन आहे, मूत्रपिंड आणि कान दोन्हींना जपावं लागतं. साध्या जळजळीसाठी तेवढी जोखीम घ्यायची गरज नव्हती. आणि मेरोपेनेम? “सगळ्यात पॉवरफुल तेच ना, मग एकदाचं तेच द्या,” असं म्हणणाऱ्यांच्या मनातली काळजी मला कळते. पण प्लेटवर एस म्हणजे एस. नायट्रोफुरँटॉइनपेक्षा मेरोपेनेम जास्त एस, असं काही नसतं. ते शिरेतून दिवसातून तीनदा द्यावं लागतं, आतड्यातल्या सगळ्या जंतूंवर त्याचा मारा होतो, आणि त्यालाही पुरून उरणारे जंतू निवडून वर येतात. ते आले की पुढच्या खेपेला हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणूनच काही लॅब साधी औषधं एस आली तर वरच्या दर्जाची रिपोर्टात छापतच नाहीत. चाचणी झालेली असते, निकाल राखून ठेवतात आणि डॉक्टरांनी मागितला तर देतात. तुमच्या रिपोर्टात शेजाऱ्यांच्यापेक्षा कमी औषधं असतील, तर लॅबने काटकसर केली असं लगेच समजू नका.

आता याच रिपोर्टवर एकच गोष्ट बदलू. बाईंना हुडहुडी भरून ताप आहे, कमरेच्या एका बाजूला ठणका आहे, उलट्या होत आहेत. जंतू तोच, लाख तेच, एस आणि आर तेच. पण संसर्ग आता मूत्रपिंडात चढला आहे, कदाचित रक्तातही उतरला असेल. आता नायट्रोफुरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यापुढचा एस काही कामाचा नाही, कारण औषध त्या जागी पुरेसं पोचतच नाही. हा एस फक्त मूत्राशयापुरता खरा असतो आणि रिपोर्टात तसं लिहिलेलं असेलच असं नाही. अशा वेळी ॲडमिट करून, रक्ताचं कल्चर घेऊन मेरोपेनेम किंवा त्याच घराण्यातलं एर्टापेनेम सुरू करणं योग्य, आणि तिथे कुणी हात आखडता घेऊ नये.

इथेच पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची मेख आहे. त्याच्यापुढेही एस आहे. पण ईएसबीएल जंतू रक्तात असताना हे औषध आणि मेरोपेनेम यांची तुलना करणारी मेरिनो नावाची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून अशा गंभीर संसर्गात प्लेटवर एस दिसूनही डॉक्टर ते टाळतात. रिपोर्टात ईएसबीएलची ओळ वेगळी का छापतात, ते यावरून लक्षात येईल. खालचा तक्ता वाचताना ती ओळ डोळ्यांसमोर लागते.

पुरुषाचा असाच रिपोर्ट असेल तर प्रोस्टेटचा प्रश्न येतो. तिथेही नायट्रोफुरँटॉइन पोचत नाही, आणि उपचार जास्त दिवस चालतात. गरोदरपणात सिप्रो एस असलं तरी टाळतात, आणि नायट्रोफुरँटॉइन शेवटच्या आठवड्यांत टाळतात, कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

हे सगळं हाती यायला दोन ते तीन दिवस लागतात. पहिली रात्र वाढ व्हायला, दुसरी रात्र सेन्सिटिव्हिटीला. ‘अर्जंट पैसे घ्या पण आजच द्या’ असं सांगून जंतू लवकर वाढत नाही. दरम्यान त्रास जास्त असेल तर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलतात. म्हणजे पहिलं औषध चुकलं असं होत नाही. त्या दिवशी जेवढी माहिती होती तिच्यावर ते दिलेलं असतं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना तो दाखवायला मात्र विसरू नका. जरा बरं वाटलं म्हणून रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहतो, आणि चालू असलेल्या औषधापुढे त्यात नेमका आर असतो, असंही घडतं.

बरं वाटल्यावर ‘जंतू गेले का’ हे बघायला पुन्हा कल्चर करायची सहसा गरज नसते. गरोदर बायकांचं करतात. दोन-तीन दिवसांत जळजळ कमीच झाली नाही, किंवा ताप चढला, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जायचं, आणि तेव्हा नवा नमुना घेतात. जुना रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. ऐरोलीच्या या बाईंना चार महिन्यांनी खरोखरच थंडी वाजून ताप आला, तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या हातात कल्चर नसणार. नेहमीच्या पद्धतीने ते सेफ्ट्रिॲक्सोन लावतील. पण जुन्या रिपोर्टवर ईएसबीएल लिहिलेलं त्यांना दिसलं, तर ते पहिल्याच डोसला एर्टापेनेमकडे वळू शकतात, आणि नवा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस वाया जात नाहीत.